ताळा मूळ कागदावरच करायचा

मोशी, चिखली, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी... आपल्या पट्ट्यात राहणाऱ्या आणि घरात नववी-दहावीचं मूल असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. जमलं तर हाताशी कागद-पेन घेऊन वाचा, कारण मधे उदाहरणं आहेत आणि ती स्वतः करून बघितली तरच मुद्दा पटेल.

सध्या घरोघरी काय चाललंय ते आपल्याला माहीत आहे. क्लासमधून बीजगणिताची वर्कशीट मिळते, मूल मोबाइलवर तिचा फोटो काढतं आणि अ‍ॅप काही सेकंदांत उत्तर पायऱ्यांसकट मांडून देतं. वडील सेकंड शिफ्टला, आई कामावरून येऊन स्वयंपाकाला लागलेली. वही भरलेली दिसते, क्लासचा मेसेज येत नाही, म्हणजे सगळं ठीक. काही पालक चिडून फोन काढून घेतात, काही सोडून देतात. पण दोघांच्याही तोंडी वाक्य एकच असतं. "आम्हाला कुठं बीजगणित येतंय, आम्ही काय तपासणार?"

या वाक्याबद्दलच बोलायचंय. समीकरण सोडवायला बीजगणित लागतं हे खरं. पण आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे बघायला गुणाकार, बेरीज, वजाबाकी आणि ऋण संख्यांचा हिशोब एवढंच लागतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला ते जमतं. आपण लहानपणी भागाकार केला की उलट गुणाकार करून ताळा बघायचो, त्याच जातीचं काम आहे.

मी इन्स्पेक्शनला काम करतो. मला सीएनसीवर प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण मशीनवरून आलेला जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही हे मी सांगू शकतो. बनवणं वेगळं, मोजणं वेगळं. आपल्या भागातल्या निम्म्या घरांना हा फरक कामावर रोज दिसतो. वहीसमोर बसलो की मात्र आपण तो विसरतो.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका दहावीच्या मुलीने मागच्या महिन्यात वही दाखवली. वर्कशीटवर ही दोन समीकरणं होती:

3x − 2y = 10
x + 2y = 14

अ‍ॅपने उत्तर दिलं होतं x = −2, y = 8. पायऱ्या व्यवस्थित, एकाखाली एक. आणि शेवटी ताळासुद्धा होता, हिरव्या टिकमार्कसह. ती म्हणाली, "काका, ताळापण आलाय खाली. अजून काय बघायचं?"

मी म्हटलं, "वर्कशीट आण."

वर्कशीट कंपासपेटीत चौघडी करून ठेवलेली होती. तिच्यावरच्या पहिल्या समीकरणात उत्तर ठेवून बघितलं. x च्या जागी −2, y च्या जागी 8:

3(−2) − 2(8) = −6 − 16 = −22

उजव्या बाजूला 10 हवे होते, आले −22. ताळा बसला नाही.

मग अ‍ॅपच्या पडद्यावर पहिली ओळ बघितली. तिथे समीकरण होतं 3x + 2y = 10. कागदाची उभी घडी नेमकी वजाबाकीच्या चिन्हावरून गेली होती आणि फोटोत त्या वजाचं अधिक झालं होतं. पुढचं सगळं गणित अ‍ॅपने बरोबरच केलं होतं. त्याचा ताळाही बरोबर होता: 3(−2) + 2(8) = −6 + 16 = 10. फक्त तो त्याने स्वतः वाचलेल्या समीकरणाचा ताळा होता, वर्कशीटवरच्या समीकरणाचा नव्हे.

इन्स्पेक्शनमधल्या लोकांना हे लगेच कळेल. ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन हातात असेल तर प्रत्येक माप बरोबर येतं, रिपोर्टवर सगळीकडे ओके लागतं आणि माल तरीही परत येतो. मोजण्यात काही चुकलेलं नसतं, कशाशी मोजायचं ते चुकलेलं असतं. म्हणून पहिला नियम हा: ताळा मूळ कागदावरच्या समीकरणात करायचा. अ‍ॅपने पुन्हा टाइप केलेल्या समीकरणात नाही, मधल्या पायरीत नाही, आणि मुलाने वहीत उतरवून घेतलेल्या ओळीतही नाही. उतरवतानाही चिन्ह बदलतं.

आता त्याच उदाहरणात दुसरं समीकरण बघा. x + 2y = 14 मध्ये तेच चुकीचं उत्तर ठेवलं तर −2 + 16 = 14. बरोबर बसतंय! म्हणजे एखाद्याने फक्त दुसऱ्या समीकरणात ताळा केला असता तर चुकीचं उत्तर पास झालं असतं. हे योगायोगाने झालेलं नाही. एकट्या x + 2y = 14 ला उत्तरं हवी तेवढी आहेत. x = 14, y = 0 घ्या, बसतं. x = 12, y = 1 घ्या, बसतं. x = 10, y = 2 घ्या, तेही बसतं. दोन समीकरणं दिलेली असतात ती यासाठीच, की दोन्हींना एकाच वेळी चालणारी जोडी शोधायची. म्हणून ताळाही दोन्हींचा. सोपं दिसतं त्यात बघायचं आणि अवघड सोडायचं, हे मुलं हमखास करतात.

खरं उत्तर काय होतं? दोन्ही समीकरणांची बेरीज केली की −2y आणि +2y जातात, 4x = 24 राहतं, म्हणून x = 6 आणि y = 4. ठेवून बघा: 18 − 8 = 10, आणि 6 + 8 = 14. दोन्ही बसले.

ताळा करताना आपल्याच हातून गफलत होऊ शकते, त्यामुळे तीन गोष्टी सांभाळा. एक, 3x म्हणजे तीन गुणिले x. x = −2 असेल तर ते −6 होतं; 3 आणि −2 शेजारी लिहून 3 − 2 = 1 असं करायचं नाही. दोन, किंमत नेहमी कंसात ठेवायची, विशेषतः ऋण असेल तेव्हा. x² मध्ये −3 ठेवायचे असतील तर (−3)² = 9 येतं; कंस विसरला की मूल −9 लिहून मोकळं होतं. तीन, डावी बाजू वेगळी काढायची, उजवी वेगळी काढायची आणि शेवटी दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे. मधेच इकडचं तिकडे नेलं की आपण तपासणी सोडून पुन्हा सोडवायला लागतो, आणि जी चूक पकडायची तीच परत करून बसतो. ताळा बसला नाही तर आधी तो एकदा सावकाश परत करा. दुसऱ्यांदाही बसला नाही तर उत्तराला लाल खूण करा.

आणखी एक बारीक गोष्ट. उत्तर दशांशात असेल, उदाहरणार्थ 0.33, तर ताळा थोडक्यात हुकतो. 3x = 1 मध्ये ठेवलं की 0.99 येतं. याचा अर्थ पद्धत चुकली असा नाही; अ‍ॅपने 1/3 चं रूप तोडून लिहिलंय. अशा वेळी अपूर्णांक ठेवून बघायचा.

इथपर्यंत समीकरण छापील होतं. शाब्दिक उदाहरणात मूळ कागदावर समीकरण नसतंच, तिथे गोष्ट असते. समजा असं दिलंय: एका विभागात पुरुष कामगार स्त्री कामगारांच्या तिप्पट आहेत, एकूण कामगार 48, तर प्रत्येकी किती? पुरुष x, स्त्रिया y. आता "तिप्पट" हा शब्द बघून घाईत 3x = y लिहिलं जातं. मुलं लिहितात, मोठी माणसंही लिहितात. त्यावरून उत्तर येतं x = 12, y = 36. समीकरणात ठेवा: 3 × 12 = 36, बसलं. 12 + 36 = 48, तेही बसलं. दोन्ही ताळे बरोबर आणि उत्तर उलटं! कारण समीकरणच उलटं मांडलंय. हे समीकरणात कधीच दिसणार नाही. ते दिसतं गोष्टीत. 12 पुरुष आणि 36 स्त्रिया असतील तर पुरुष तिप्पट आहेत का? नाहीत, स्त्रिया तिप्पट आहेत. बरोबर मांडणी x = 3y, उत्तर 36 पुरुष आणि 12 स्त्रिया.

म्हणजे शाब्दिक उदाहरणात ताळा समीकरणात न करता मराठी वाक्यात करायचा. आकडे घेऊन वाक्य पहिल्यापासून वाचत जायचं आणि प्रत्येक अटीपाशी थांबून विचारायचं, हे खरं आहे का? ज्या आईला x, y शी काही घेणं नाही, तिला हे सगळ्यात चांगलं जमतं. कारण तिला समीकरण दिसतच नाही, कामगार दिसतात.

ही गोष्ट काही नवी नाही. आपल्याकडे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याची नोंद आहे. त्या ग्रंथात वानरांची दोन गणितं आहेत, आणि आजच्या आपल्या प्रश्नासाठी दोन्ही उपयोगाची आहेत.

पहिलं असं. वानरांच्या कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तेवढी वानरं रानात खेळतायत, उरलेली 12 टेकडीवर आहेत, तर एकूण किती?

(x/8)² + 12 = x

समजा अ‍ॅपने किंवा मुलाने उत्तर दिलं 16. ठेवून बघू. 16 चा आठवा भाग 2, वर्ग 4, अधिक 12, झाले 16. बसलं. पण 48 सुद्धा ठेवून बघा. आठवा भाग 6, वर्ग 36, अधिक 12, झाले 48. हेही बसलं, आणि गोष्टीतही दोन्ही आकडे चालतात. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरं मान्य केली आहेत. यावरून ताळ्याची एक मर्यादा कळते. ठेवलेली किंमत चालते की नाही एवढंच ताळा सांगतो. दुसरी एखादी किंमत राहून गेली का, हे तो सांगत नाही. म्हणून समीकरणात x² असेल आणि वहीत एकच उत्तर असेल, तर मुलाला विचारायचं, "दुसरं कुठंय?" दर वेळी वेगळं दुसरं असेलच असं नाही, पण प्रश्न विचारायचाच.

दुसरं गणित याच्या बरोबर उलट आहे. कळपाचा पाचवा भाग घ्यावा, त्यातून तीन वजा करावेत, येईल त्याचा वर्ग करावा. तेवढी वानरं गुहेत शिरली आणि एक फांदीवर चढलेलं दिसलं. एकूण किती?

(x/5 − 3)² + 1 = x

हे सोडवलं की x² − 55x + 250 = 0 येतं, आणि उत्तरं निघतात 50 आणि 5. आधी 50 ठेवा. पाचवा भाग 10, वजा 3 म्हणजे 7, वर्ग 49, अधिक 1, झाले 50. आता 5 ठेवा. पाचवा भाग 1, वजा 3 म्हणजे −2, वर्ग 4, अधिक 1, झाले 5. समीकरण दोन्हींना होकार देतंय. पण गोष्ट वाचा. पाच वानरांचा पाचवा भाग म्हणजे एक वानर, आणि एका वानरातून तीन वजा करायची! वर्ग केल्यावर वजाचं चिन्ह नाहीसं झालं, म्हणून समीकरणाला अडचण दिसली नाही. भास्कराचार्यांनी 5 हे उत्तर घेऊ नये असंच सांगितलं आहे, कारण अशी ऋण संख्या लोकांना पटत नाही. साडेआठशे वर्षांपूर्वी त्यांनीही समीकरण मागे ठेवून मूळ वाक्यच प्रमाण मानलं होतं.

वर्गाचा हा धोका वर्गमूळ असलेल्या समीकरणातही असतो. √(x + 7) = x − 5 हे सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग करतात आणि उत्तरं येतात 9 आणि 2. मूळ समीकरणात 9 ठेवलं की √16 = 4 आणि 9 − 5 = 4, बसलं. 2 ठेवलं की डावीकडे √9 = 3 आणि उजवीकडे 2 − 5 = −3. नाही बसलं, म्हणून 2 बाद. पण हाच ताळा वर्ग केल्यानंतरच्या ओळीत केला असता, तर 9 आणि 9 येऊन 2 सुद्धा पास झालं असतं. पुन्हा तोच नियम: मधल्या ओळीत नाही, पहिल्या ओळीत.

आता मुलांना याचा फायदा काय, तर बोर्डात दहावीचा बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. तिथे अ‍ॅप नाही, उत्तरांची यादी नाही, शेजारी कोणी नाही. आपलं उत्तर बरोबर आलंय की नाही हे त्या खोलीत बसून कळण्याचा मार्ग म्हणजे ताळा. रेषीय समीकरणांच्या जोडीला त्यासाठी मिनिटभर लागतं. वर्षभर अ‍ॅपच्या हिरव्या टिकमार्कवर विसंबलेल्या मुलाला ते मिनिट वापरता येत नाही, कारण हाताला सवयच नसते.

म्हणून क्लास चालवणाऱ्यांना आणि शाळेतल्या सरांना-मॅडमना एक विनंती. वर्कशीटवर प्रत्येक उदाहरणाखाली "ताळा" असं लिहून दोन ओळी रिकाम्या सोडा, आणि एखादा गुण त्या दोन ओळींना द्या. उत्तर अ‍ॅपमधून उतरवता येतं, आणि ताळाही उतरवता येईल हे मला माहीत आहे. पण वर्कशीटवर छापलेलं समीकरण आणि त्याखाली हाताने केलेला ताळा शेजारी-शेजारी असले, की घडीमुळे बदललेलं चिन्ह तिथल्या तिथे दिसतं. मूल ते पकडेल, नाही पकडलं तर तुम्ही पकडाल. शाब्दिक उदाहरण असेल तर ताळा समीकरणात न मागता एका वाक्यात मागा: "36 पुरुष, 12 स्त्रिया, 36 हे 12 च्या तिप्पट, एकूण 48."

आणि पालकांना एवढंच. फोन काढून घ्यायचा की नाही हे तुमच्या घरातलं ठरवा, त्यात मी पडत नाही. पण आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, वहीतलं कुठलंही एक उदाहरण निवडा आणि म्हणा, "याची वर्कशीट काढ, आणि उत्तर त्यात ठेवून दाखव." मूल डावी बाजू काढेल, उजवी काढेल. तुम्ही फक्त दोन आकडे सारखे आहेत का ते बघायचं. सारखे नसतील तर काय चुकलंय हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे असं नाही, ते शोधणं मुलाचं काम. जॉब ओके नाही एवढं सांगितलं की इन्स्पेक्शनचं काम झालं.

तुमच्याकडे वर्कशीटवरचं असं एखादं उदाहरण असेल, जिथे अ‍ॅपचं उत्तर आणि छापील समीकरण जुळत नाही, तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. मुलांची नावं नकोत, शाळेचं किंवा क्लासचं नावही नको. फक्त समीकरण आणि आलेलं उत्तर. आपण सगळे मिळून ठेवून बघू.